x³ + x ची युक्ती: वाढत्या फलनाच्या मदतीने असमानता कशी सोडवायची

ही असमानता पाहा:

x³ + 3x² + 4x + 2 > (3x + 2)√(3x + 1)

वर्गमूळ दिसलं की हात आपोआप वर्ग करायला धावतो. करून बघा. दोन्ही बाजूंचा वर्ग करून सगळं डावीकडे आणलं की हे हाती लागतं:

x⁶ + 6x⁵ + 17x⁴ + x³ − 17x² − 8x > 0

यातून x आणि (x − 1) हे अवयव निघतात, पण मागे x⁴ + 7x³ + 24x² + 25x + 8 उरतं. त्याचं चिन्ह कुठे धन, कुठे ऋण, हे ठरवायचं म्हणजे नवीन डोकेदुखी. शिवाय मुळात वर्ग करायला परवानगी होती का, हा प्रश्न राहतोच.

हीच असमानता चार ओळींत सुटते, एकही अवयव न पाडता. त्यासाठी फक्त एवढं ओळखावं लागतं की डावी आणि उजवी बाजू एकाच साच्यातून निघाल्या आहेत. तो साचा म्हणजे f(t) = t³ + t. या लेखाच्या मध्यावर आपण या गणिताकडे परत येऊ. आधी साच्याची ओळख करून घेऊ.

क्रम राखणं म्हणजे काय

असमानता सोडवताना आपण काही गोष्टी सवयीने करतो. दोन्ही बाजूंत 3 मिळवले तर चिन्ह तसंच राहतं, 2 ने गुणलं तरी तसंच राहतं, −1 ने गुणलं तर उलटतं. शाळेत हे तीन वेगवेगळे नियम म्हणून पाठ होतात. खरं तर यांच्यामागे एकच गोष्ट आहे. t + 3 आणि 2t ही फलनं वाढती आहेत: आत मोठी संख्या घातली की बाहेरही मोठीच येते. −t हे घटतं आहे, म्हणून चिन्ह उलटतं. आणि t² हे धड वाढतंही नाही, धड घटतंही नाही. −2 ही −3 पेक्षा मोठी, पण वर्ग केला तर 4 हा 9 पेक्षा लहान. वर्ग करताना सगळे घोटाळे होतात ते याच कारणाने.

घनाचं तसं नाही. −2 > −3, आणि −8 > −27. ऋण संख्यांतही क्रम टिकतो. t स्वतः तर वाढतं आहेच. दोन वाढत्या फलनांची बेरीज वाढतीच असते: a > b असेल तर a³ > b³, आणि a > b, या दोन असमानता एकीखाली एक लिहून मिळवल्या की a³ + a > b³ + b.

विकलज येत असेल तर f'(t) = 3t² + 1 लिहून 'हे नेहमी धन आहे' म्हणता येतं आणि काम संपतं. पण मला बीजगणिताची वाट जास्त आवडते, कारण तिच्यात कारण उघडं दिसतं:

f(a) − f(b) = (a³ − b³) + (a − b) = (a − b)(a² + ab + b² + 1)

दुसऱ्या कंसात a² + ab + b² आहे, ते (a + b/2)² + 3b²/4 असं लिहिता येतं. दोन वर्गांची बेरीज, म्हणजे शून्य किंवा शून्याहून जास्त. त्यात 1 मिळवला, म्हणजे कंस किमान 1. म्हणून f(a) − f(b) चं चिन्ह आणि a − b चं चिन्ह नेहमी एकच. हा +1 कुठून आला तर साच्यातल्या '+ t' मधून. तो लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. असमानता सोडवताना आपल्याला उलट दिशेने यायचं असतं: f(a) > f(b) माहीत आहे, त्यावरून a > b म्हणायचंय. ते चालतं का? चालतं. समजा a हा b पेक्षा मोठा नाही. मग एकतर a = b, म्हणजे f(a) = f(b), किंवा a < b, म्हणजे f(a) < f(b). दोन्ही वेळा f(a) > f(b) खोटं पडतं. म्हणजे रस्ता दुहेरी आहे:

f(a) > f(b) असेल तरच a > b, आणि a > b असेल तरच f(a) > f(b).

दुहेरी रस्त्याचा फायदा असा की f काढून टाकताना एकही उकल हरवत नाही आणि खोटी उकल घुसत नाही. वर्ग करताना ही खात्री मिळत नाही.

पहिला प्रकार: एका बाजूला नुसती संख्या

x³ + x > 30 सोडवायचं आहे. 30 ही संख्या f च्या कुठल्या किमतीतून येते ते शोधा. 3³ + 3 = 30. म्हणजे प्रश्न f(x) > f(3) असा झाला आणि उत्तर x > 3.

इथे 'तीन मिळाला, पण दुसरी कुठली किंमत असली तर?' ही शंका येते. f वाढतं असल्यामुळे 30 ही किंमत दोनदा येऊच शकत नाही. 3 च्या उजवीकडे सगळं 30 हून जास्त, डावीकडे सगळं कमी. एक जागा सापडली की शोध संपला.

साचा अगदी t³ + t च असावा असंही नाही. x³ + √(x + 3) > 3 घ्या. दोन्ही पदं वाढती आहेत, म्हणून बेरीज वाढती. x = 1 ठेवलं तर 1 + 2 = 3. म्हणून x > 1. इथे x ≥ −3 ही अट वर्गमुळामुळे आपोआप आहे, पण x > 1 मध्ये ती पूर्ण होतेच.

संख्या सरळ निघत नसेल तर? x³ + x > 5 मध्ये पूर्णांक चालत नाही: f(1) = 2 आणि f(2) = 10. तरीही उत्तराचा आकार ठरलेलाच आहे, x > c, जिथे c ही f(c) = 5 करणारी एकमेव संख्या. तिला चिमटीत पकडता येतं: f(1.515) साधारण 4.992 आणि f(1.516) साधारण 5.0002, म्हणजे c या दोघांच्या मधे. घन समीकरणाचं सूत्र कार्डानोने १५४५ साली छापलं, त्याने c नेमका लिहिता येतो, पण सूत्रातून येणारी घनमुळांची माळ पाहून x किती मोठा हे कोणालाच कळत नाही. मी तरी चिमटीच पसंत करतो.

दुसरा प्रकार: दोन्ही बाजूंना साचा

(x² − 3)³ + x² − 3 < 8x³ + 2x

डावी बाजू f(x² − 3) आहे हे दिसतंच. उजवीकडे 8x³ म्हणजे (2x)³, आणि पुढे 2x, म्हणजे f(2x). f वाढतं, म्हणून ते सरळ सोडून द्या:

x² − 3 < 2x
x² − 2x − 3 < 0
(x − 3)(x + 1) < 0
−1 < x < 3

इथे एक सवय लावून घ्या. टोकं मूळ असमानतेत घालून पाहायची. x = 3 घातलं तर डावीकडे 6³ + 6 = 222 आणि उजवीकडे 216 + 6 = 222. x = −1 घातलं तर दोन्हीकडे −10. टोकांवर दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या आल्या, म्हणजे साचा बरोबर ओळखला होता. मग मधला एक बिंदू: x = 0 ला डावीकडे −30, उजवीकडे 0, असमानता खरी. टोकावर बाजू जुळल्या नाहीत तर बहुतेक वेळा घन उलगडताना कुठेतरी सहगुणक चुकलेला असतो.

साचा लपलेला असताना

आता सुरुवातीचं गणित. साचा उघड दिसत नाही, तो बाहेर काढावा लागतो. दोन्ही बाजूंना वेगळी युक्ती लागते.

डावीकडे x³ + 3x² + 4x + 2. हे f(x + h) असेल तर त्यातला घन (x + h)³ = x³ + 3hx² + … असणार. x² चा सहगुणक 3, म्हणून 3h = 3, h = 1. आता (x + 1)³ = x³ + 3x² + 3x + 1 वजा करा. उरतं x + 1. नेमकं जे हवं होतं तेच. म्हणून डावी बाजू f(x + 1).

ही उरलेली गोष्ट बघणं हाच कसोटीचा क्षण. उरलं ते (x + h) च्या पटीत असलं तर साचा आहे. नसलं तर या वाटेने जाण्यात अर्थ नाही, वेळ घालवू नका.

उजवीकडे (3x + 2)√(3x + 1). मुळाखालच्या राशीला u म्हणा: u = 3x + 1. मग 3x + 2 म्हणजे u + 1. आणि (u + 1)√u = u√u + √u. u√u म्हणजे √u चा घन. म्हणून उजवी बाजू f(√(3x + 1)).

मुळाबाहेरचा गुणक मुळाखालच्या राशीपेक्षा 1 ने मोठा असला की हा साचा असतो, एवढी खूण डोळ्यांत बसवून ठेवली तर दहापैकी बरीच गणितं ओळखू येतात. गुणक 2 ने मोठा असेल तर साचा t³ + 2t होतो, आणि मग डावीकडूनही तोच निघायला हवा.

आता असमानता अशी दिसते:

f(x + 1) > f(√(3x + 1))

f सोडलं की x + 1 > √(3x + 1). पण त्याआधी प्रांत लिहून ठेवा: 3x + 1 ≥ 0, म्हणजे x ≥ −1/3. हा मी मुद्दाम आधी लिहितो. शिकत असताना एका परीक्षेत मी हे सगळं बरोबर केलं, शेवटी 'x < 0 किंवा x > 1' लिहून वही दिली आणि अर्धे गुण घालवले. x = −5 ला मुळाखाली −14 येतं, तिथे उजव्या बाजूला काही अर्थच नाही, हे घरी येईपर्यंत लक्षात आलं नव्हतं.

आता वर्ग करायचा आहे. मघाशी म्हटलं होतं की t² वाढतं नाही. संपूर्ण संख्यारेषेवर नाही, पण शून्याच्या उजवीकडे ते वाढतंच. म्हणून दोन्ही बाजू ऋण नसतील तर वर्ग करायला हरकत नाही. वर्गमूळ ऋण नसतंच. आणि x ≥ −1/3 असल्यामुळे x + 1 किमान 2/3. परवानगी मिळाली:

x² + 2x + 1 > 3x + 1
x² − x > 0
x < 0 किंवा x > 1

प्रांताशी जोडून उत्तर: −1/3 ≤ x < 0 किंवा x > 1.

तपासू. x = 0 ला दोन्ही बाजू 2. x = 1 ला डावीकडे 1 + 3 + 4 + 2 = 10, उजवीकडे 5 × 2 = 10. टोकं जुळली. मधला x = 1/2 घेतला तर डावीकडे 4.875, उजवीकडे 3.5 × √2.5, साधारण 5.53. असमानता खोटी, तो तुकडा बाहेर हे बरोबर. x = 2 ला 30 विरुद्ध 8√7, म्हणजे साधारण 21.2, खरी.

आणि x = −1/3? इथे उजवीकडे 0, डावीकडे 26/27. बाजू जुळल्या नाहीत, तरी घाबरायचं कारण नाही. हे टोक समीकरणातून आलेलं नाही, प्रांतातून आलेलं आहे. तिथे असमानता खरी आहे एवढंच पाहायचं, आणि ती आहे, म्हणून बिंदू उत्तरात राहतो. दोन प्रकारच्या टोकांची गल्लत नवख्या माणसाकडून हमखास होते: एक टोक जिथे बाजू समान होतात, ते '>' असताना बाहेर, दुसरं टोक जिथे राशीला अर्थ राहणं संपतं, ते आत की बाहेर हे किंमत घालूनच ठरतं.

दोन्ही बाजूंत काही मिळवून साचा तयार करणं

कधी कधी साचा लपलेलाही नसतो, तो आपण बनवायचा असतो. हे गणित माझ्या विशेष आवडीचं:

x³ + 6 > 7∛(7x − 6)

घनमूळ ऋण संख्येचंही निघतं, म्हणून प्रांताची अट नाही. y = ∛(7x − 6) म्हणा. मग उजवी बाजू 7y, आणि y³ = 7x − 6. उजवीकडे 7y आहे, त्यात y³ मिळाला तर y³ + 7y होईल. म्हणून दोन्ही बाजूंत 7x − 6 मिळवू, कारण तोच y³ आहे.

डावीकडे x³ + 6 + 7x − 6 = x³ + 7x.
उजवीकडे y³ + 7y.

सहा कसे उडाले ते पाहिलंत? आता साचा g(t) = t³ + 7t. तोही वाढता, कारण मघाच्या कंसात +1 च्या जागी +7 येतो. म्हणून g(x) > g(y) म्हणजे x > y:

x > ∛(7x − 6)

दोन्ही बाजूंचा घन. घन सगळीकडे वाढतो, म्हणून इथे कुठलीही अट लागत नाही:

x³ − 7x + 6 > 0

x = 1 घातलं की 1 − 7 + 6 = 0. म्हणून (x − 1)(x² + x − 6) = (x − 1)(x − 2)(x + 3). तीन अवयवांच्या चिन्हांवरून उत्तर: −3 < x < 1 किंवा x > 2.

x = −3 तपासा: डावीकडे −27 + 6 = −21, उजवीकडे 7∛(−27) = −21. x = 1 ला दोन्हीकडे 7, x = 2 ला दोन्हीकडे 14. आणि x = 3/2 ला डावीकडे 9.375, उजवीकडे 7∛4.5, साधारण 11.6. म्हणजे 1 आणि 2 च्या मधला तुकडा खरंच बाहेर.

साच्यासाठी काही न मिळवता थेट घन केला असता तर डावीकडे (x³ + 6)³, म्हणजे नवव्या घाताचं बहुपद आलं असतं. त्यातून वरचा घन अवयव म्हणून निघतो, पण तो निघतो हे माहीत असणाऱ्यालाच दिसतो.

काय मिळवायचं हे कसं सुचतं? मुळाखालच्या राशीकडे बघून. मुळाला y म्हटलं की मुळाखालची राशी y³ असते. ती उजवीकडे मिळवली की y³ चं पद तयार होतं, आणि डावीकडे काय होतंय ते बघायचं. इथे डावीकडचा +6 आणि मुळाखालचा −6 एकमेकांना मारतात आणि मुळाबाहेरचा 7 व मुळाखालच्या x चा सहगुणक 7 सारखे आहेत. हे दोन योग जुळले नसते तर साचा जमला नसता.

कुठे फसतं

दोन्ही बाजूंना एकच फलन हवं, हे ऐकायला सोपं वाटतं. x³ + 3x² + 5x + 3 घ्या. h = 1 घेऊन घन वजा केला तर उरतं 2x + 2, म्हणजे 2(x + 1). साचा आहे, पण तो t³ + 2t चा. उजवीकडे t³ + t चा साचा असेल तर इथे थांबायचं. 'दोन्ही वाढतीच आहेत ना' म्हणून x + 1 आणि उजवीकडच्या राशीची तुलना करणाऱ्यांच्या वह्या मी पाहिल्या आहेत. दोन वेगवेगळ्या मोजपट्ट्यांवरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यासारखं आहे ते.

दुसरी फसगत '+ t' च्या जागी '− t' किंवा '− 3t' आल्यावर होते. x³ − 3x > −2 पाहा. x = 1 ला डावी बाजू −2. सवयीने कोणी लिहील x > 1. पण x = 0 घातलं तर 0 > −2, खरं! म्हणजे 0 ही उकल हरवली. खरं उत्तर अवयवांनी निघतं: x³ − 3x + 2 = (x − 1)²(x + 2), म्हणून x > −2, फक्त x = 1 सोडून.

काय बिघडलं ते मघाच्या कंसातच दिसतं. t³ − 3t साठी तो कंस a² + ab + b² − 3 होतो, आणि a, b लहान असले की तो ऋण होतो. −1 आणि 1 घेतले तर 1 − 1 + 1 − 3 = −2. आत −1 < 1, पण बाहेर 2 > −2. क्रम मोडला.

याचा अर्थ असा साचा वापरायचाच नाही, असं मात्र नाही. त्याच कंसाकडे पुन्हा बघा. a > b ≥ 1 असेल तर a² > 1, ab > 1 आणि b² ≥ 1, म्हणजे तिघांची बेरीज 3 हून जास्त, कंस धन. म्हणून t ≥ 1 एवढ्या भागात t³ − 3t वाढतंच. दोन्ही बाजूंत घातलेल्या राशी या भागात असतील तर पूर्वीचीच पद्धत चालते. उदाहरणार्थ

(x² + 1)³ − 3(x² + 1) > (|x| + 1)³ − 3(|x| + 1)

x² + 1 आणि |x| + 1 दोन्ही कधीच 1 च्या खाली जात नाहीत. म्हणून फलन सोडून x² + 1 > |x| + 1, म्हणजे x² > |x|, म्हणजे |x| > 1. उत्तर x < −1 किंवा x > 1. x = 2 ला डावीकडे 125 − 15 = 110, उजवीकडे 27 − 9 = 18. x = 1/2 ला डावीकडे साधारण −1.80, उजवीकडे −1.125, असमानता खोटी. आणि x = 0 ला दोन्हीकडे −2, बाजू समान, म्हणून तोही उत्तरात नाही.

इथे फक्त एका राशीची जागा तपासून भागत नाही. एक राशी 1 च्या वर आणि दुसरी −1 च्या खाली असेल तर दोन्ही ठिकाणी फलन वाढत असलं तरी तुलना चालत नाही. 1/t चं असंच आहे: धन संख्यांत ते घटतं, ऋण संख्यांतही घटतं, पण −1 आणि 1 ला एकत्र धरलं की किमती −1 आणि 1 येतात, घटल्याऐवजी वाढलेल्या. म्हणून फलन सोडण्याआधी दोन्ही राशी एकाच सलग अंतरालात आहेत हे कागदावर लिहायचं. t³ + t च्या बाबतीत हे लिहावं लागत नाही, कारण तिथे ते अंतराल म्हणजे अख्खी संख्यारेषाच आहे.